पंचेचाळीस सेकंदांचा प्रश्न

विश्वनाथ घारपुरे सरांना दुसऱ्यांच्या चुका जमवायचा नाद होता. म्हणजे कुणाला खिंडीत गाठायला नव्हे. लोक जुनी नाणी जमवतात तसा. वर्गात एखाद्या पोराने चुकीचं उत्तर दिलं की सरांचा चेहरा खुलायचा, ते हजेरीचा कागद उलटा करायचे आणि मागच्या बाजूला ते उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवायचे. बावीस वर्षांचे असे कागद त्यांच्या कपाटात दोऱ्याने बांधून ठेवलेले होते. बरोबर उत्तरं कुठे आहेत, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती पुस्तकात आहेत की. ती कशाला लिहायची?"

सर पुण्याचे. सुरुवातीला शीतगृहं उभारणाऱ्या एका कंपनीत होते, तिच्याच कामासाठी त्र्याण्णव साली बदली होऊन दिल्लीला आले. पुढे कंपनी गुंडाळली गेली. तोवर गाझियाबादच्या बाहेर शेतांमधून फ्लॅट उगवायला लागले होते आणि फ्लॅटांच्या मागोमाग खाजगी इंजिनियरिंग कॉलेजं. त्यातल्या एकात सर पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवायला लागले आणि तिथेच राहिले. मयूर विहारच्या सोसायटीत घर. घरी विनयाकाकू. सकाळी कॉलेजची बस. तिसऱ्या खिडकीजवळची जागा त्यांची, हे नव्या ड्रायव्हरलासुद्धा पहिल्या आठवड्यात कळायचं.

मी त्यांच्या आयुष्यात आलो तो कॉलेजच्या हुकमाने. मी उदगीरचा. एमएस्सी करून दिल्लीला आलो आणि या कॉलेजच्या 'डिजिटल शिक्षण कक्षा'त चिकटलो. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, तीन कॉम्प्युटर आणि एक मी. काम असं की, प्राध्यापकांच्या तासाचं रेकॉर्डिंग ऐकायचं, त्यातून प्रश्न काढायचे आणि ते क्विझच्या ॲपमध्ये भरायचे. तास चालू असताना पडद्यावर प्रश्न येतो, मुलं मोबाइलवर कोड टाकून आत शिरतात, चारातला एक पर्याय दाबतात. घड्याळ उलटं चालतं. वेळ संपली की किती जणांनी काय दाबलं त्याचे रंगीत पट्टे उभे राहतात आणि खाली दोन ओळींचं स्पष्टीकरण येतं. बघायला झकास. बनवायला वाटतं तितकं सोपं नाही, हे मला सरांनी शिकवलं.

त्या वर्षी डिसेंबरात आमच्या अकॅडमिक डीन डॉ. शिवांगी त्यागी यांनी जाहीर केलं की पुढच्या सत्रापासून पहिल्या वर्षाचे तास स्टुडिओत चित्रित करून व्हिडिओनेच चालवले जातील. ज्यांच्या प्रत्यक्ष तासात मुलं खरोखर भाग घेतात असं ॲपवरून दिसेल, त्यांचेच तास वर्गात चालू राहतील. एका तासात किमान पाच प्रश्न, आणि डीन स्वतः येऊन बघणार. बाकीच्यांना प्रयोगशाळेच्या वह्या तपासायला मिळतील. सर निवृत्त व्हायला दोन वर्षं होती. त्यांना ती दोन वर्षं वह्यांत घालवायची नव्हती, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. विनयाकाकूंनी मात्र मला फोन करून सांगितलं. म्हणाल्या, अहो, यांना माणसं समोर लागतात, नाहीतर हे मला शिकवायला लागतील.

मी गेल्या वर्षीचं सरांचं एक रेकॉर्डिंग घेतलं. विषय उष्णतेचं वहन. पन्नास मिनिटांतून बारा प्रश्न काढले, प्रत्येकाला पंधरा सेकंद दिले आणि मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवले. वहनाची व्याख्या कोणती, वहनाचं एकक कोणतं, खालीलपैकी सुवाहक कोणता. पाच मागितले तर बारा दिले, अशी माझी समजूत.

सरांनी ते वाचले आणि विचारलं, "हा तास आहे की लगीनघाई?"

मग त्यांनी मला प्रयोगशाळेत दहा मुलांवर एक प्रश्न चालवून बघायला लावला. सर आपल्या सवयीने प्रश्न मोठ्याने वाचू लागले. ते दुसऱ्या पर्यायाशी पोचले आणि वेळ संपली. चार मुलांनी काहीतरी दाबलं होतं. तिघांच्या मोबाइलवर प्रश्नच उशिरा उमटला होता, कारण आमचं वायफाय. बाकी तिघं सरांचं ऐकत होती, जे खरं तर करायला हवं तेच करत होती.

तेव्हापासून मला त्या वेळेचं कुतूहल लागलं. एखाद्याला विचार करायला किती वेळ लागतो? मी सरांच्या तासाला मागच्या बाकावर मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसायला लागलो. लक्षात आलं की सर प्रश्न विचारला की वळतात आणि फळा पुसायला लागतात. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, कोपरेसुद्धा. तेवढ्या वेळात वर्ग गप्प असतो. मग ते वळून हात झटकतात आणि तेव्हा कुठे हात वर येतात. मी अकरा वेळा मोजलं. चाळीस सेकंदांच्या खाली एकदाही नाही, पंचावन्नच्या वर एकदाच, तेही कुणीतरी फळ्यावर तैलरंगाने काहीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून.

मी सरांना आकडा सांगितला. त्यांना आपण असं करतो हे माहीतच नव्हतं. थोडे ओशाळले, मग विचारात पडले. शेवटी आमचं ठरलं ते असं : आधी प्रश्न वाचून दाखवायचा, मग घड्याळ चालू करायचं. नुसतं आठवायचं असेल तर वीस सेकंद, डोकं चालवायचं असेल तर पंचेचाळीस, गणित असेल तर दीड मिनिट. प्रश्न एका वाक्याचा. चुकीचे पर्याय माझ्या मनाचे नकोत, ते सरांच्या कपाटातल्या कागदांवरून घ्यायचे, कारण ते कुणीतरी खरोखर मनापासून मानलेले असतात. स्पष्टीकरण दोन ओळींचं : बरोबर उत्तर का बरोबर, आणि चुकीचं उत्तर पटतं ते का.

"आणि पाच नकोत," सर म्हणाले. "तीन बास."

मी म्हटलं, सर, नियम पाचाचा आहे. ते म्हणाले, नियम डीनबाईंचा आहे, तास माझा आहे. हे त्यांनी डीनबाईंना सांगितलं नाही, हे वेगळं.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती सरांच्या कपाटात गेली असती तर मानाच्या जागी बसली असती.

पाहणीचा तास जानेवारीतल्या गुरुवारी ठरला. त्याच विषयावर. सुरुवातीचा प्रश्न सरांनी स्वतःच सुचवला होता : वर्गातल्या बाकाचा लोखंडी पाय आणि लाकडी फळी, दोन्ही रात्रभर याच खोलीत होते, तर कोण जास्त थंड? दिल्लीच्या जानेवारीत हा प्रश्न विचारायला फार कल्पनाशक्ती लागत नाही, सकाळी हात लावला तरी पुरतं. पर्याय कागदांवरून घेतले. लोखंड थंड. लाकूड थंड. दोन्ही सारखे. बाक खिडकीजवळ आहे का, त्यावर अवलंबून. शेवटचा पर्याय सरांचा फार लाडका होता.

उत्तर भरायला मी रेकॉर्डिंगचं लिखित रूपांतर उघडलं. त्यात नवव्या मिनिटाला सर ठणकावून सांगतात की लोखंड थंडच असतं. अकराव्याला पुन्हा. चौदाव्याला मुलांना हात लावायला लावून तिसऱ्यांदा. पुढे बराच वेळ बाकांचा आवाज आणि कॉम्प्युटरने लिहिलेलं 'अस्पष्ट, अस्पष्ट'. मी तो भाग वगळला आणि तिसाव्या मिनिटावर गेलो. उदगीरच्या शाळेत आमचा एक नियम होता : सर जे तीनदा सांगतात ते परीक्षेत येतं. या नियमावर मी दहावी, बारावी आणि बीएस्सी पार केली. मी 'लोखंड थंड' या पर्यायापुढे बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं की लोखंड मुळातच थंड असतं म्हणून हाताला थंड लागतं. वर आणखी हुशारी म्हणून, वेळ संपताच उत्तर आपोआप दिसावं अशी सोय चालू केली. डीनबाईंपुढे तास चटपटीत दिसावा हा हेतू.

सरांना मी बुधवारी मोबाइलवर दाखवलं. पण त्यांना दिसलं ते मुलांना दिसतं तेच, म्हणजे प्रश्न आणि पर्याय. उत्तराची खूण शिक्षकाच्या पानावर असते. त्यांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाले, छान झालंय. मी खूश.

गुरुवारी साडेनऊला वर्गात बासष्ट मुलं होती. सगळी जॅकेटमध्ये, निम्म्यांचे हात खिशात. शिवांगी मॅडम मागच्या रांगेत, समोर लॅपटॉप, त्यावर कोण किती भाग घेतंय याचा आकडा. मी त्यांच्या शेजारी माझा लॅपटॉप घेऊन. सरांनी आठ-दहा मिनिटं गप्पा मारत वातावरण तापवलं, लोखंडच थंड असतं असं दोनदा छातीठोकपणे सांगितलं, मुलांना बाकाला हात लावायला लावला. मग प्रश्न वाचला. घड्याळ सुरू. सर फळा पुसायला वळले.

वेळ संपली. पडद्यावर पट्टे उभे राहिले. लोखंड थंड म्हणणारे त्रेचाळीस. दोन्ही सारखे म्हणणारे तेरा. बाकीचे सहा इकडे तिकडे. बासष्टच्या बासष्ट जणांनी उत्तर दिलं होतं, मॅडमच्या लॅपटॉपवर शंभर टक्के. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्याच क्षणी पडद्यावर 'लोखंड थंड'पुढे हिरवी खूण आली, खाली माझं स्पष्टीकरण आलं, आणि त्रेचाळीस मुलांनी बाक वाजवले.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. मी सरांकडे. गेल्या वर्षी त्या बाकांच्या आवाजात काय झालं असेल, ते मला तेव्हा, डीनच्या शेजारी बसून, एकदम कळलं. ते खोटंच सांगत होते. जाणूनबुजून. वर्गाला त्या खोट्यावर नीट बसवायचं, मग ते काढून घ्यायचं, ही त्यांची रीत होती. आणि मी ते खोटं उत्तर म्हणून छापलं होतं.

दुसऱ्या रांगेत तनया नावाची मुलगी उभी राहिली. तेरातली एक. मोबाइल वर धरून म्हणाली, "सर, मैंने दोनों बराबर लिखा था. मुझे गलत दे दिया. यह गलत कैसे है?"

आता सरांना एक सोपी वाट होती. ते म्हणू शकत होते की हे मुद्दाम केलं, तुम्हाला हलवून जागं करायला. मॅडम तर टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. मी मनातल्या मनात त्यांना सांगत होतो, म्हणा, सर, एवढंच म्हणा.

सर म्हणाले, "गलत तुम नहीं हो, बेटा. स्क्रीन गलत है. यह हमारी चूक है, मैंने देखा नहीं."

मॅडमची मान हलायची थांबली.

सरांनी खिशातून दोन थर्मामीटर काढले, लांब वायरचे, टोकाला धातूची बारीक काडी असलेले. एक काडी बाकाच्या लोखंडी पायाला चिकटपट्टीने चिकटवली, दुसरी लाकडी फळीला. म्हणाले, तीन मिनिटं थांबायचं, कारण थर्मामीटरलाही त्याचं मत बनवायला वेळ लागतो. मग त्यांनी वर्गाला सांगितलं की तोवर शेजाऱ्याशी भांडा : ज्याने सारखं म्हटलं आहे त्याने थंडवाल्याला पटवायचं, आणि उलट. वर्गात जो गलका झाला तो मी आधी ऐकलेला होता. रेकॉर्डिंगमध्ये त्यालाच 'अस्पष्ट' म्हटलं होतं.

त्या गलक्यात सर मागे आले, माझ्या लॅपटॉपवर वाकले आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "उत्तर बदल. आपोआप दाखवणं बंद कर. आणि ते खालचं पुन्हा लिही, तुला समजलं असेल तसं."

मी प्रश्नाची नक्कल केली, खूण 'दोन्ही सारखे'वर नेली, आपोआप उत्तर दाखवायची सोय बंद केली. आणि स्पष्टीकरणाच्या रिकाम्या चौकटीपुढे अडलो. डाव्या हाताने बाकाचा पाय धरला, उजव्याने फळी. आतून कळायला हवं होतं. लोखंड थंड नाही. माझा हात गरम आहे. लोखंड माझ्या हातातली उष्णता भराभर ओढून नेतंय, लाकूड सावकाश नेतंय. मला थंडी वाटतेय ती लोखंडाची नाही, माझी स्वतःची जाणारी उष्णता आहे. एवढं मला बीएस्सीला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण तीनदा सांगितलं नसावं.

मी लिहिलं : 'दोन्ही एकाच तापमानाला आहेत. लोखंड हातातली उष्णता लाकडापेक्षा लवकर ओढून घेतं, म्हणून ते जास्त थंड वाटतं.' दोन ओळी. मग पुन्हा वाचून 'जास्त थंड आहे' असं कुठे राहून गेलं नाही ना, ते बघितलं. मुलांसाठी तेच हिंदीत केलं.

थर्मामीटरांवर लोखंडाला बारा पूर्णांक एक आला, लाकडाला बारा पूर्णांक तीन. सरांनी आकडे फळ्यावर लिहिले. प्रश्न दुसऱ्यांदा चालवला. पुन्हा पंचेचाळीस सेकंद, या वेळी फळा मात्र पुसला नाही. 'दोन्ही सारखे'चा पट्टा वर चढत गेला तो सत्तावन्नवर थांबला. उत्तर दाखवायच्या आधी त्यांनी उरलेल्या पाचांतल्या एकाला विचारलं की तुला का पटत नाही. तो म्हणाला, सर, आकडा बघितला, पण हात मानत नाही. सरांनी हजेरीचा कागद उलटा करून लिहून घेतलं.

मधला गणिताचा प्रश्न सुरळीत पार पडला. मग तिसरा आणि शेवटचा : बर्फाचे दोन सारखे तुकडे, एक उघडा आणि एक रजईत गुंडाळलेला, आधी कोणता वितळेल? रजई गरम असते असं म्हणणारे अठरा निघाले. सर हसले. त्यांनी कंपनीतल्या दिवसांत भुसा आणि गोणपाटात बांधलेल्या बर्फाच्या लाद्या ट्रकमधून उतरताना कशा पाहिल्या ते सांगितलं. रजई गरम नसते, ती फक्त उष्णतेला अडवते, मग ती आतली असो की बाहेरची. तास संपला.

त्यानंतर जिन्याखालच्या खोलीत सरांनी मला बसवून तेरा मुलांचे गुण हाताने दुरुस्त करायला लावले. ॲपमध्ये ते एकेकाचं नाव उघडूनच होतं. मी नावं उघडत होतो, सर शेजारी बसून वाचून दाखवत होते. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाले, उत्तराचं पान मी मागायला हवं होतं, पुढचं नाव घे. नवव्या नावाशी शिवांगी मॅडम आत आल्या.

त्यांनी खुर्ची घेतली नाही. म्हणाल्या की सहभाग शंभर टक्के आहे, असा आकडा अजून कुणाच्या तासात आला नाही. पण प्रश्न पाचऐवजी तीनच, आणि त्यातला एक चुकीच्या उत्तराने दाखवला गेला, ते अहवालात लिहावं लागेल. ते त्यांनी तिखट नव्हे, जरा थकल्यासारखं सांगितलं. त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं असणार. मग म्हणाल्या, "सर, एक सेक्शन आपके पास रहेगा, ए वाला. बी सेक्शन में वीडियो चलेगा."

बावीस वर्षं दोन्ही वर्ग त्यांचे होते. अर्धं हातात राहिलं आणि अर्धं गेलं की माणसाला नेमकं काय वाटतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "बी में तनया जैसी कोई खड़ी हो गई, तो वीडियो क्या करेगा?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. अशा बघण्यातून नोकऱ्यांची वर्णनं बदलतात. त्या म्हणाल्या, हा बसेल. प्रश्न चालवेल, व्हिडिओ थांबवेल.

सर म्हणाले, ठीक आहे, पण व्हिडिओ मी सांगेन तिथे थांबायला हवा, आणि उत्तराचं पान आधी मी बघणार. मॅडम हो म्हणाल्या. सरांनी पुढचं नाव वाचलं. दहावं.

पुढच्या सत्रात पहिल्या सोमवारी मी बी सेक्शनमध्ये उभा होतो. भिंतीवर सर बोलत होते, स्टुडिओतल्या दिव्यांमुळे जरा जास्तच गोरे. शेजारच्या खोलीत त्याच वेळी ते खरे बोलत होते, भिंतीपलीकडून आवाज येत होता. भिंतीवरचे सर लोखंड थंड असतं म्हणाले, मी थांबवलं, प्रश्न चालवला, पंचेचाळीस सेकंद. थर्मामीटर लावले. दुसऱ्यांदा चालवला. सगळं ठरल्याप्रमाणे. व्हिडिओ पुढे चालू करणार, तेवढ्यात देविका नावाच्या मुलीने हात वर केला. भिंतीकडे बघत केला, मग चूक लक्षात येऊन माझ्याकडे वळली.

"सर, जून में धूप में खड़ी साइकिल का लोहा तो जलाता है, उसकी सीट उतनी नहीं. तब लोहा उल्टा क्यों करता है?"

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. त्याचे चार पर्याय माझ्याकडे नव्हते, वेळ ठरवलेली नव्हती, दोन ओळी लिहिलेल्या नव्हत्या. भिंतीवर सर अर्ध्या शब्दावर तोंड उघडून थांबलेले होते. मी लॅपटॉप मिटला, पहिल्या बाकावर टेकलो आणि तिला म्हटलं, "पहले तुम बताओ, तुम्हें क्या लगता है."

वर्ग गप्प झाला. या वेळी मी मोजलं नाही.